अध्यापनविषयक भूमिका कशी लिहावी: आधी वर्गातली कृती, मग तिच्यामागचा विश्वास

पोर्टफोलिओसाठी ‘टीचिंग फिलॉसॉफी’ लिहायला बसलेला शिक्षक पहिलं वाक्य बहुधा असं लिहितो: ‘विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास हेच शिक्षणाचे खरे ध्येय आहे असे मी मानतो.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण ते वाचून हा शिक्षक उद्या तिसऱ्या तासाला वर्गात काय करेल, हे कुणालाच सांगता येत नाही. बी.एड.चे परीक्षक असोत की शाळेची निवड समिती, त्यांना नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं. म्हणून समोरून प्रश्न येतो, ‘एखादं उदाहरण सांगा’, आणि तिथे पुष्कळ जण अडखळतात. उदाहरण त्यांच्याकडे नसतं असं नाही. लिहिताना ते उदाहरणापर्यंत पोहोचलेलेच नसतात.

यावर एकच उपाय खरा उपयोगी पडतो. लिहिण्याचा क्रम उलटा करायचा. तयार मजकुरात आधी विश्वास आणि मग कृती दिसेल, पण लिहायला सुरुवात कृतीपासून करायची. ‘माझा कशावर विश्वास आहे?’ असं स्वतःला विचारलं की आपण ऐकलेली, वाचलेली चांगली वाक्यं आठवतात. ‘मी वर्गात काय करतो?’ असं विचारलं की स्वतःचं काहीतरी हाताला लागतं.

पाच तासिकांची नोंद

लिहायला बसण्याआधी आठवडाभर रोज एका तासिकेची नोंद ठेवा. तास संपल्यावर पाच मिनिटं पुरतात, पण ती त्याच दिवशी लिहायला हवी. रविवारी बसून आठवून लिहिलेली नोंद टाचणासारखी होते, म्हणजे काय करायचं ठरवलं होतं ते तिच्यात येतं आणि काय घडलं ते राहून जातं.

नोंदीत चार गोष्टी असू द्या. मुलाने चुकीचं उत्तर दिलं तेव्हा माझं पुढचं वाक्य काय होतं. आज वर्गात कोण बोललं आणि कोण अजिबात बोललं नाही. फळ्यावर माझ्या हाताने काय लिहिलं आणि मुलांच्या हाताने काय. आणि वेळ कमी पडला तेव्हा मी काय गाळलं. हा चौथा प्रश्न सगळ्यांत जास्त सांगून जातो. सराव गाळून चर्चा पुरी करणारा शिक्षक आणि चर्चा आटोपती घेऊन सराव पुरा करणारा शिक्षक, दोघांच्या मनात शिकण्याविषयी वेगवेगळी समजूत पक्की बसलेली असते, मग ती त्यांनी कधी शब्दांत मांडलेली असो वा नसो.

पाच नोंदी झाल्या की एकत्र ठेवून वाचा आणि तीनदा किंवा जास्त वेळा आलेल्या कृतीखाली रेघ ओढा. एकदाच घडलेला छान प्रसंग मोह पाडतो, पण तो बाजूला ठेवा. निरीक्षणासाठी कुणी अचानक वर्गात आलं तर जे दिसेल तेवढंच या मजकुरात असावं.

कृतीपासून विश्वासापर्यंत

समजा, पाचवीला गणित शिकवणाऱ्या एक शिक्षिका आहेत. त्यांच्या पाचपैकी चार नोंदींत एकच गोष्ट दिसते: नवीन प्रकारचं उदाहरण दिलं की त्या मुलांची सगळी वेगवेगळी उत्तरं फळ्यावर मांडतात आणि बरोबर कोणतं हे लगेच सांगत नाहीत. आता या कृतीला ‘का?’ विचारायचं.

मुलं घाबरू नयेत म्हणून, हे पहिलं उत्तर. ते खरं आहे, पण वरवरचं आहे, कारण मुलं घाबरू नयेत यासाठी हसून ‘पुन्हा प्रयत्न कर’ म्हणणंही पुरतं. मग सगळी उत्तरं फळ्यावर कशाला? तर प्रत्येक उत्तराच्या मागे मुलाने लावलेली काहीतरी रीत असते आणि ती सगळ्यांना दिसावी म्हणून. आणि ती दिसली नाही तर काय बिघडतं? मूल आज बरोबर रीत उतरवून घेतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्या जुन्या रीतीवर जातं. या तिसऱ्या ‘का’ला खरा विश्वास सापडला: चूक ही मुलाने स्वतः बनवलेल्या नियमातून येते आणि तो नियम उघड झाल्याशिवाय नवी रीत टिकत नाही.

हे हवेत राहू नये म्हणून त्या वर्गातलं एक उदाहरण जवळून पाहू. ५०३ मधून २७८ वजा करायचे आहेत. वर्गात तीन उत्तरं येतात: ३७५, २३५ आणि २२५. पहिलं उत्तर देणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं. ८ मधून ३ गेले ५, ७ मधून ० गेलं ७, ५ मधून २ गेले ३. कोणता अंक वर आणि कोणता खाली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ‘लहानातून मोठं जात नाही’ हे आधीच्या इयत्तेत ऐकलेलं वाक्य त्याने नियम म्हणून धरलं आहे. २३५ वाला पुष्कळ पुढे आला आहे. त्याने एक शतक सुटं करून दहा दशक केले, त्यातला एक दशक एककाच्या घरात दिला आणि १३ मधून ८ बरोबर वजा केले. पण दशकाच्या घरात आता नऊच उरले, हे त्याच्या लक्षात राहिलं नाही. तो दहातूनच सात वजा करतो.

दोघांच्या वहीत एकसारखीच लाल फुली पडली असती. प्रत्यक्षात त्यांना लागणारी मदत वेगळी आहे. पहिल्याला वजाबाकी म्हणजे वरच्या संख्येतून काढून घेणं, इथपासून काड्यांच्या गठ्ठ्यांनी सुरुवात करायला हवी. दुसऱ्याला एक दशक कुठे गेला तेवढंच शोधायचं आहे. हा फरक तुमच्या मजकुरात दिसला की तुम्हाला चूक वाचता येते, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

उलट वाक्याची कसोटी

विश्वासाचं वाक्य हाती आलं की त्याच्या उलट वाक्य लिहून पाहा. ‘प्रत्येक मूल महत्त्वाचे आहे’ याच्या उलट ‘काही मुले महत्त्वाची नाहीत’ असं होतं आणि ते कुठलाही शिक्षक लिहिणार नाही. म्हणजे मूळ वाक्याने तुमच्याविषयी काहीच सांगितलं नाही. आता ‘चुकीमागचा नियम उघड झाल्याशिवाय नवी रीत टिकत नाही’ याच्या उलट काय? ‘चुकीवर वेळ घालवू नये, बरोबर रीतीचा भरपूर सराव दिला की चूक आपोआप विरते.’ असं मानणारे चांगले, मेहनती शिक्षक आहेत आणि त्यांच्यापाशी कारणंही आहेत. कुणी चांगला शिक्षक ज्याच्याशी असहमत होऊ शकतो, ते वाक्य ठेवण्याजोगं.

कृतीचीही अशीच कसोटी घ्या. उलट मानणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात हीच कृती दिसू शकते का? ‘मी गटकार्य घेतो’ हे जवळजवळ सगळ्यांच्या वर्गात दिसतं, म्हणून त्याने काहीच सिद्ध होत नाही. गट कसे पाडता, गटात प्रत्येकाच्या हातात काय असतं, गटातलं एकच मूल सगळं करू लागलं तर तुम्ही काय करता, इथे आल्यावर फरक पडू लागतो. पुष्कळ मजकुरांत विश्वासही असतो आणि कृतीही असते, पण त्यांना जोडणारा ‘म्हणून’ खोटा असतो. ‘मुले कृतीतून शिकतात असे मी मानतो, म्हणून मी प्रोजेक्टरवर व्हिडिओ दाखवतो.’ व्हिडिओ बघताना मूल कुठली कृती करत असतं? हा ‘म्हणून’ मोठ्याने वाचला की लगेच खटकतो.

परिच्छेद कसा बांधावा

एका विश्वासाला एक परिच्छेद, साधारण दीडशे ते पावणेदोनशे शब्दांचा. त्यात विश्वास, त्यातून येणारी कृती, त्या कृतीचा एक प्रत्यक्ष दाखला आणि तिची मर्यादा, एवढं यायला हवं. विश्वासाला एक वाक्य पुरतं. बहुतेक जण नेमकं उलट करतात. विश्वासावर सहा वाक्यं आणि शेवटी ‘यासाठी मी विविध उपक्रम राबवतो’ एवढंच.

आधी त्या शिक्षिकेचा पहिला कच्चा परिच्छेद पाहा:

> ‘चुकांमधून मुले शिकतात असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे मी वर्गात नेहमी भयमुक्त वातावरण ठेवते. ज्ञानरचनावादानुसार मूल स्वतःच्या ज्ञानाची निर्मिती स्वतः करते. मी केवळ सुलभकाची भूमिका बजावते आणि प्रत्येक विद्यार्थ्याला वैयक्तिक मार्गदर्शन करते.’

यात वर्ग कुठला, विषय कुठला, मुलं काय करतात, यातलं काहीही कळत नाही. ‘नेहमी’, ‘केवळ’, ‘प्रत्येक’ हे तीन शब्द तर मुलाखतीत अंगावर येतील. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला वैयक्तिक मार्गदर्शन पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात होत नाही, हे समोर बसलेल्या मुख्याध्यापकांना पुरतं ठाऊक असतं.

आता नोंदी हाताशी घेऊन पुन्हा लिहिलेला परिच्छेद:

> ‘मुलाचं चुकलेलं उत्तर बहुतेक वेळा त्याने स्वतः बनवलेल्या नियमातून आलेलं असतं आणि तो नियम उघड झाल्याशिवाय नवी रीत टिकत नाही, असं मला वाटतं. म्हणून पाचवीच्या गणितात नव्या प्रकारचं पहिलं उदाहरण दिलं की मी बरोबर-चूक लगेच सांगत नाही. वर्गात आलेली सगळी वेगवेगळी उत्तरं, कुणाचं कोणतं हे न सांगता, फळ्यावर लिहिते आणि ‘हे उत्तर कसं काढलं असेल?’ असं विचारते. ५०३ वजा २७८ ला ३७५, २३५ आणि २२५ अशी उत्तरं आली. मुलांनी बेरीज करून पडताळा घेतला. २३५ मध्ये २७८ मिळवल्यावर ५१३ येतात, म्हणजे बरोबर एक दशक जास्त, हे त्यांना दिसलं. मग आम्ही काड्यांचे गठ्ठे सोडून तो दशक शोधला. याला वीस मिनिटं गेली. एवढा वेळ रोज नसतो, म्हणून प्रकरणातल्या पहिल्या एक-दोन उदाहरणांनाच मी हे करते आणि त्या दिवशी सराव घरी देते. ज्यांची मूळ वजाबाकीच कच्ची आहे त्यांना या चर्चेचा फारसा उपयोग होत नाही. त्यांचा गट मी आठवड्यातून दोनदा वेगळा बसवते. (परिशिष्ट २)’

शेवटच्या तीन वाक्यांकडे लक्ष द्या. मर्यादा लिहिली की बाजू कमजोर पडेल असं अनेकांना वाटतं आणि ते ती गाळतात. पण एखादी पद्धत जो खरोखर वापरतो त्याला ती कुठे अडते आणि तिची किंमत किती हे माहीत असतं. न वापरणाऱ्याला माहीत नसतं. त्यामुळे परिच्छेदात खरेपणा सगळ्यांत जास्त याच वाक्यांतून येतो.

बाकीचे दोन विश्वास

एकूण तीन विश्वास पुरतात. पाच-सहा घेतले की प्रत्येकाला दोन ओळी मिळतात आणि मजकुराची यादी होते. तिन्ही एकाच गोष्टीविषयी नसावेत. एक विषयाच्या आकलनाविषयी असेल तर दुसरा वर्गातल्या बोलण्याविषयी आणि तिसरा भाषेविषयी किंवा मूल्यमापनाविषयी असू द्या.

वर्गातल्या बोलण्याविषयीचा एक नमुना. ‘हात वर करणाऱ्यालाच विचारलं तर वर्गातली सात-आठ मुलंच गणित करतात आणि बाकीची वाट बघतात.’ यातून येणारी कृती अशी की प्रश्न आधी, मग थांबणं, मग शेजारच्याशी अर्धा मिनिट बोलणं आणि त्यानंतर नावाची काडी काढून उत्तर विचारणं. थांबणं हा यातला कठीण भाग आहे. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तुम्ही स्वतः किती थांबता हे मोबाइलवर एक तास रेकॉर्ड करून मोजा आणि जो आकडा येईल तोच लिहा. मर्यादाही इथे ठरलेली आहे. बोलताना अडखळणाऱ्या मुलाचं नाव अचानक काडीवर निघालं तर त्याची फजिती होते. त्याला आधी कल्पना देता का, की त्याची काडी वेगळी ठेवता, ते लिहा.

भाषेविषयीचा विश्वास लिहिताना घोषणेचा मोह जास्त होतो. ‘मातृभाषेतून शिक्षण’ एवढं लिहून थांबू नका. सिंधुदुर्गातल्या शाळेत मूल घरी मालवणी बोलतं. ते ‘माझो झील’ किंवा ‘चेडू’ म्हणालं तर तुम्ही तिथल्या तिथे ‘मुलगा’, ‘मुलगी’ असं दुरुस्त करता, की भिंतीवरच्या तक्त्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिता? दुरुस्त करत असाल तर भाषेचा आदर वगैरे लिहू नका. तक्ता करत असाल तर तो कुणी भरतं, त्यात आज किती शब्द आहेत आणि लेखनात प्रमाण शब्दाचा आग्रह तुम्ही कोणत्या टप्प्यावर धरता, ते सांगा.

मोठी नावं कधी घ्यावीत

पियाजे, वायगॉट्स्की, गिजुभाई, ताराबाई यांची नावं एकाच परिच्छेदात ओळीने आली की वाचणारा तो परिच्छेद सोडून पुढे जातो. नाव घ्यायचं तर एकच घ्या आणि तेही ज्यांच्या कामातली एखादी रीत तुम्ही खरोखर उचलली आहे त्यांचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बोर्डी-कोसबाडचं काम तर विश्वास आणि कृती कशी जोडावी याचाच धडा आहे. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने त्याच्याकडे जावं, असं त्यांनी मानलं. म्हणून पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरली आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा गेली. नुसती ‘कुरणशाळा’ म्हटलं तरी त्यामागचा विश्वास कळतो. तुमचा विद्यार्थी शेतीच्या हंगामात गैरहजर राहतो आणि तुम्ही त्याच्यासाठी कामाची पत्रकं घरी पोहोचवत असाल, तर हे नाव तिथे शोभेल. नाहीतर नको.

पुरावा

प्रत्येक परिच्छेदाला एक परिशिष्ट, फार तर दोन. सजवलेल्या वर्गाचे आणि हसऱ्या मुलांचे फोटो पुरावा ठरत नाहीत, कारण ते कोणत्याही विश्वासाखाली चालतात. वजाबाकीच्या परिच्छेदाला तिन्ही उत्तरं असलेल्या फळ्याचा फोटो, त्या दिवसाच्या टाचणाचं पान आणि एकाच मुलाच्या वहीची दोन पानं, त्या दिवसाचं आणि तीन आठवड्यांनंतरचं, एवढं भरपूर झालं. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी तुम्ही ठेवताच. त्यातली ‘शून्य असलेल्या संख्येतून वजाबाकी करताना दशक कमी करायला विसरतो’ अशी एक नोंद ‘गणितात प्रगती समाधानकारक’ अशा दहा नोंदींपेक्षा उपयोगी पडते. प्रत्येक परिशिष्टाखाली दोन ओळींत लिहा की यात काय पाहायचं. मुलांची नावं झाका, चेहरे नकोत, आणि वहीचं पान लावण्याआधी मुख्याध्यापक व पालकांची परवानगी घ्या.

इथे एक विसंगती फार वेळा पकडली जाते. मजकुरात चुकीविषयी आस्था आणि सोबत जोडलेल्या वहीत नुसत्या फुल्या, एकही शेरा नाही. परिशिष्ट लावण्याआधी त्याच्या शेजारी आपला परिच्छेद ठेवून पाहा. दोन्ही जुळत नसतील तर बहुधा परिच्छेदच खोटा असतो आणि तोच बदलावा लागतो.

लांबी, भाषा, फाइल

सगळा मजकूर दोन पानांत, सहाशे ते आठशे शब्दांत बसवा. सुरुवातीला दोन-तीन वाक्यांत कुठल्या इयत्तेला, काय, कशा वर्गात शिकवता ते सांगा. ‘मी खानदेशातल्या एका गावात पाचवीच्या अडतीस मुलांना गणित शिकवते’ एवढ्यानेही पुढचं सगळं वाचायला आधार मिळतो. सुविचार आणि श्लोकाने सुरुवात नको. प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात लिहा. ‘करेन’, ‘प्रयत्न करणार आहे’ अशी क्रियापदं दिसली की ती कृती अजून झालेली नाही असाच अर्थ निघतो. बी.एड.च्या विद्यार्थ्याकडे अनुभव थोडा असतो, पण आंतरवासितेतले पाच-सहा पाठही पुरतात. ‘तीन पाठांत हे करून पाहिलं’ असं सरळ लिहावं. ‘असे’ आणि ‘असं’ यांपैकी एक रूप ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवा.

टाइप युनिकोडमध्ये करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हं दिसतात. पाठवताना पीडीएफ करा आणि ती स्वतःच्या मोबाइलवर उघडून जोडाक्षरं नीट दिसतात का ते बघा.

सहकाऱ्याकडून तपासणी

पाठवण्याआधी मजकुराची एक प्रत काढा आणि तिन्ही परिच्छेदांतली विश्वासाची वाक्यं पेनाने झाका. फक्त कृती आणि दाखले राहू द्या. ती प्रत शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकांना द्या आणि विचारा, ‘हे करणाऱ्याचा शिकण्याविषयी काय समज असेल?’ त्यांचं उत्तर आणि तुमचं झाकलेलं वाक्य जवळपास जुळलं तर परिच्छेद उभा आहे. ते म्हणाले, ‘चांगलं शिकवता तुम्ही’, तर कृती अजून मोघम आहे. नोंदींकडे परत जा आणि त्यातला एखादा आकडा, मुलाचा एखादा शब्द, एखादं उत्तर उचला. त्यांनी वेगळाच विश्वास सांगितला तर त्यावर जरा थांबून विचार करा. कित्येकदा तुमच्या कृतीमागचं खरं कारण त्यांनी सांगितलेलंच असतं आणि झाकलेलं वाक्य तुम्ही दुसरीकडून आणलेलं असतं. तेव्हा कृती तशीच ठेवून विश्वासाचं वाक्य बदलायचं.

खाली महिना आणि वर्ष घाला. इयत्ता किंवा विषय बदलला की पाच तासिकांची नोंद पुन्हा काढा, कारण पाचवीच्या वजाबाकीचा दाखला देऊन आठवीच्या बीजगणिताविषयी काही सांगता येत नाही.